ऑनलाइन चर्चेचे मार्क: लांबलचक पोस्टला १० आणि नेमक्या उत्तराला ४, हे कसं बदलायचं?

खडूफळा

मंडळी, शिकवणाऱ्यांनी जरा इकडे लक्ष द्या, शिकणारेही चालतील. मी विज्ञानाच्या इतिहासाचा एक ऑनलाइन कोर्स घेते, ३६ जण आहेत. दर आठवड्याला एक प्रश्न टाकते, प्रत्येकानं स्वतःची एक पोस्ट लिहायची आणि दुसऱ्यांच्या पोस्टवर दोन रिप्लाय, सगळ्याचे मिळून १० मार्क. रुब्रिक विभागाकडून आयतं आलंय: पोस्ट २५० शब्दांची असली की ४, शंभर-शंभर शब्दांचे दोन रिप्लाय असले की ३, दोन संदर्भ जोडले की ३, कमी पडलं की त्या प्रमाणात कमी. झालं.

या आठवड्यात डॉक्टर सेमेलवाइस होता. व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात बाळंतिणींचे दोन वॉर्ड, पहिल्यात डॉक्टर आणि मेडिकलचे विद्यार्थी, दुसऱ्यात दाया. १८४६ मध्ये पहिल्या वॉर्डात ११.४ टक्के बायका दगावल्या, दुसऱ्यात २.८ टक्के. १८४७ च्या मेच्या मध्यावर त्यानं पहिल्या वॉर्डात क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये १८.३ टक्के होतं ते जूनमध्ये २.२ वर आलं. हा तक्ता मीच दिला होता आणि विचारलं होतं की एवढ्या आकड्यांवरून हात न धुणं हेच कारण होतं असं म्हणता येतं का.

आता दोघांचं सांगते. अ ची पोस्ट ४२० शब्द. सेमेलवाइस जन्मला कुठे, शिकला काय, शवविच्छेदन करताना सुरी लागून त्याचा सहकारी कसा गेला, शेवटी तो स्वतः वेड्यांच्या इस्पितळात कसा गेला, सगळं आहे, तीन लिंकाही आहेत, फक्त मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुठेच नाही. रिप्लाय असे की "खूपच छान मांडलं आहेस, मी पूर्णपणे सहमत आहे, आजही स्वच्छतेला किती महत्त्व आहे हे यातून कळतं" आणि हेच ओढूनताणून शंभर शब्दांपर्यंत. रुब्रिकनं १०.

ब ची स्वतःची पोस्ट ९० शब्दांची, बरी म्हणावी अशी. पण वर्गातल्या एकानं लिहिलं होतं की मृत्यू आठपट कमी झाले म्हणजे सिद्धच झालं, त्यावर ब चा रिप्लाय तसाच उतरवते:

"एप्रिल हा वाईट महिना होता, तो धरला की घट मोठी दिसणारच. १८४६ चं अख्खं वर्ष धर, ११.४ येतं. तरी २.२ खूप कमी आहे, म्हणून तुझा निष्कर्ष मला पटतो, फक्त आठपट म्हणू नकोस, पाचपट म्हण. आणि दायांच्या वॉर्डात २.८ होतंच, म्हणजे पहिला वॉर्ड सुधारून दुसऱ्याच्या बरोबरीला आला. मग दाया काय करत नव्हत्या जे डॉक्टर करत होते, हे विचारायला हवं."

यानंतर तिथे बारा-पंधरा पोस्टींची खरी चर्चा झाली, प्रेतं फाडून थेट वॉर्डात येण्यापर्यंत मुलं आपली आपण पोचली. आणि ब ला ४ मार्क, कारण शब्द कमी, संदर्भ नाहीत.

पुढच्या सत्रापासून रुब्रिक बदलायची मोकळीक मिळाली आहे. मुद्द्यात काही आहे का, दुसऱ्याला खरंच उत्तर दिलंय का आणि आधार नीट वापरलाय का, या तीन ओळी अशा लिहायच्या आहेत की शब्द मोजावे लागणार नाहीत, आणि "मॅडम, मला २ च का?" असं कुणी विचारलं तर बोट ठेवून दाखवता येईल. कुणी हे केलंय का?

सहजच

अगदी बरोबर विषय काढलात. नुसतं "छान", "सहमत", "+१" लिहिणाऱ्यांना ॲडमिननी तंबी दिलीच पाहिजे. चांगला धागा वाचायला घ्यावा तर निम्मी पानं नुसत्या टाळ्या. मी तर म्हणतो प्रत्येक आयडीला मार्क द्या आणि ठरावीक मार्कांच्या खाली गेला की महिनाभर लिहिणं बंद.

खडूफळा

अहो सहजच, मी इथल्या धाग्यांचं नाही, माझ्या वर्गातल्या चर्चेचं विचारतेय :) इथे टाळ्या वाजवायला कुणाची ना नाही.

सहजच

अर्र. वरवर वाचलं. चालू द्या, वाचतोय.

मोजपट्टी

मी अकरा वर्षं ऑनलाइन शिकवतोय आणि शब्दसंख्येला एवढं झोडपू नका असं म्हणेन. किमान शब्द काढून टाका आणि पुढच्याच आठवड्यात बघा, दोन ओळींच्या पोस्टी यायला लागतील. मोजता येतं त्यावर भांडण होत नाही. "मुद्द्यात दम" वगैरे लिहिलंत की प्रत्येक मार्कासाठी ईमेल येणार. शिवाय हिशोब बघा, ३६ जण गुणिले तीन म्हणजे आठवड्याला १०८ पोस्टी, एकेकीला तीन मिनिटं दिली तरी पाच तासांच्या वर जातात.

ब सारख्यांसाठी माझ्याकडे सोपा उपाय आहे. ज्या पोस्टवर जास्त रिप्लाय आले तिला जास्त मार्क. दमदार लिहिलं असेल तर लोक उत्तर देणारच, आपण ठरवायची गरजच नाही.

तळटीप

मोजपट्टी सरांचा वेळेचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, त्यावर येते. पण आलेल्या रिप्लायवर मार्क देऊ नका, कृपा करून. आम्ही एका कोर्समध्ये नुसते आकडे काढून पाहिले होते, सगळ्यात जास्त रिप्लाय कुणाला तर जो सोमवारी सकाळी पहिल्यांदा टाकतो त्याला, कारण उरलेल्यांना दोन रिप्लाय उरकायचे असतात आणि वरची पोस्ट समोर दिसते. शिवाय दुसऱ्यानं उत्तर द्यावं की नाही हे त्या मुलाच्या हातात नाही, ज्याच्यावर त्याचा ताबा नाही त्याचे मार्क त्याला कसे द्यायचे? ब चा रिप्लाय चर्चा झाली म्हणून चांगला नाही. समजा कुणीच काही बोललं नसतं तरी तो तेवढाच चांगला होता, आणि रुब्रिकला हे रिप्लाय वाचूनच कळलं पाहिजे.

खडूफळा, मी आधी रिप्लायची ओळ घेते कारण ती सगळ्यात सोपी. रिप्लाय उचलायचा आणि मनातल्या मनात दुसऱ्या कुणाच्या तरी पोस्टखाली चिकटवून बघायचा. तिथेही तेवढाच शोभला तर तो कुणालाच दिलेलं उत्तर नाही. अ चे दोन्ही रिप्लाय वर्गातल्या पस्तीस जणांखाली चिकटतील, म्हणजे ०. समोरच्याचा विषय धरलाय पण पुढे आपलंच सांगितलंय, तर १. समोरच्याचं एखादं ठरावीक वाक्य, आकडा किंवा गृहीतक पकडून त्यावर बोललाय, तर २. आणि त्यामुळे मूळ म्हणणं कुठेतरी हललं, म्हणजे आक्रसलं, दुरुस्त झालं, नवा प्रश्न निघाला, किंवा जास्त पक्कं झालं, तर ३. ब ला ३. "आठपट" हा शब्द पकडला, त्याचं पाचपट केलं, निष्कर्ष मात्र ठेवला आणि वर प्रश्नही काढून दिला. पंचावन्न-साठ शब्दांत. तिथे शंभर शब्द सक्तीचे केले असते तर उरलेले चाळीस नुसतं पाणी.

मुद्द्याच्या ओळीसाठी मी एकच विचारते: या पोस्टशी कुणी शहाणा माणूस असहमत होऊ शकतो का? "सेमेलवाइस अमुक साली जन्मला" याच्याशी कोण भांडणार? अ च्या ४२० शब्दांत असहमत होता येईल असं एकही वाक्य नाही, म्हणून चारपैकी १, तोही विषयावर आहे म्हणून. "आकड्यांवरून कारण ठरत नाही, कारण हात धुणं सुरू झालं तेव्हा वॉर्डात आणखी काय बदललं ते तक्त्यात नाही" असं कुणी लिहिलं असेल तर ते ३-४ चं, मग ते तुम्हाला पटो न पटो.

आधाराची ओळ मात्र चिवट आहे, ती रात्री लिहिते.

उलटतपासणी

तळटीप, चिकटवायची युक्ती आवडली, पण एक शंका. या पद्धतीत सहमत होणारा नेहमीच मार खाणार नाही का? मुलांना कळलं की विरोध केला की मार्क मिळतात, की सगळे खोटं खोटं भांडायला लागतील. मी एका चर्चेत हे बघितलंय, प्रत्येक रिप्लायची सुरुवात "मी याच्याशी असहमत आहे" आणि पुढे तेच म्हणणं वेगळ्या शब्दांत.

तळटीप

म्हणून तर "जास्त पक्कं झालं" हे घातलंय. सहमत असूनही ३ मिळतात. उदाहरण देते, कुणी लिहिलं की हवेमुळे हे मृत्यू होत नव्हते, आणि दुसऱ्यानं रिप्लाय दिला की बरोबर, आणि त्याला आणखी एक जोड, दोन्ही वॉर्ड एकाच हॉस्पिटलात होते आणि बायकांना दिवसाआड या नाहीतर त्या वॉर्डात घेत, म्हणजे हवा तीच आणि येणाऱ्या बायकाही साधारण सारख्याच, तरी एवढा फरक. हा पूर्ण सहमतीचा रिप्लाय आहे, दुसरीकडे कुठे चिकटणार नाही, आणि मूळ म्हणण्याची एक फट बुजवून गेला.

खोटी भांडणंसुद्धा याच चाळणीत सापडतात. "असहमत आहे" म्हटलं पण कशाशी ते सांगितलं नाही, तर रिप्लाय कुठेही चिकटतो.

पाळीबदल

मी विद्यार्थी आहे, राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी पाळीत काम करतो, आठवड्याची सुट्टी रविवारी, त्यामुळे पोस्ट आणि रिप्लाय दोन्ही रविवारी रात्री. डेडलाइन रविवारी रात्री १२. म्हणजे नियमात आहे. पण तेव्हा चर्चा संपलेली असते, ज्याला उत्तर देतो तो परत बघायलाही येत नाही, आणि सगळे चांगले मुद्दे लोकांनी आधीच घेतलेले. मग मी शोधून शोधून ज्याला कुणी उत्तर दिलं नाही त्याला देतो. मागच्या सत्रात मला "सहभाग वरवरचा" असा शेरा मिळाला. आता तुमच्या नव्या पद्धतीत मूळ म्हणणं "हललं" पाहिजे म्हणता, ते हलायला समोर माणूस तर पाहिजे ना जागा?

तळटीप

पाळीबदल, हलायचं ते म्हणणं, माणूस नाही :) समोरचा झोपलेला असला तरी वाचणाऱ्याला दिसतं की तुमच्या उत्तरानंतर त्याचं वाक्य तसंच राहत नाही. पण तुमची तक्रार दुसऱ्या ठिकाणी लागू आहे आणि ती रुब्रिकनं सुटत नाही, वेळापत्रकानं सुटते. एकच डेडलाइन ठेवली की निम्मा वर्ग शेवटच्या रात्री येतो आणि तिथे चर्चा होऊच शकत नाही, सगळे आपापलं बोलून जातात. पहिली पोस्ट बुधवारपर्यंत आणि रिप्लाय रविवारपर्यंत, अशा दोन डेडलाइन ठेवल्या की निदान उत्तर द्यायला काहीतरी असतं. तुमच्यासारख्यांना मी बुधवारची अट शिथिल करून देते पण त्यांनी आधी सांगायला हवं.

मोजपट्टी

दोन डेडलाइन आम्हीही ठेवतो, त्यात वाद नाही. आणि मूडलमध्ये प्रश्नोत्तर प्रकारचा फोरम लावा, स्वतःची पोस्ट टाकल्याशिवाय दुसऱ्यांच्या दिसत नाहीत, म्हणजे चांगले मुद्दे आधीच घेतले वगैरे प्रश्नच नाही. फक्त मुलं नुसता एक टिंब टाकून इतरांच्या पोस्टी उघडतात आणि मग आपली एडिट करतात.

तळटीप

ते टिंब तिथे चालत नाही सर. त्या प्रकारात एडिट करायची मुदत संपल्यावरच बाकीच्या पोस्टी दिसतात, मूळ सेटिंग ३० मिनिटांचं असतं. टिंब टाकलं तर टिंबच राहतं. मुदत कुणी काढून टाकली असेल तर गोष्ट वेगळी. आणि सगळ्या प्रश्नांना तो प्रकार लावू नका, सेमेलवाइससारख्या तक्त्यावरच्या प्रश्नाला छान, पण जिथे एकमेकांवर रचत जायचंय तिथे छत्तीस वेळा तीच पोस्ट वाचावी लागते.

आता आधार. खडूफळाच्या जुन्या रुब्रिकमध्ये "दोन संदर्भ" आहेत, म्हणून मुलं दोन लिंका शेवटी डकवतात, पोस्टमधल्या कुठल्या वाक्यासाठी कुठली ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. मी तीन गोष्टी बघते आणि याच क्रमानं. आधार कुठून आला ते कळतंय का? तो आधार खरंच तेच म्हणतो का? आणि ते खरं धरलं तरी या मुद्द्याला त्याचा उपयोग आहे का? प्रत्येकाला एक मार्क.

तिसऱ्यावर सगळे घसरतात. समजा कुणी लिहिलं, "मृत्यू १८.३ वरून २.२ टक्क्यांवर आले, यावरून डॉक्टर किती गर्विष्ठ होते ते दिसतं." आकडा खरा, तक्त्यातला, पण गर्वाचा आणि त्याचा संबंध काय? गर्वासाठी डॉक्टरांनी काय लिहिलं, काय नाकारलं ते दाखवायला हवं. आणि तिथेही उलटं सापडेल, सेमेलवाइसनं स्वतःचं पुस्तक १८६१ मध्ये काढलं, म्हणजे चौदा वर्षांनी, तोवर लोकांनी वाचायचं काय? इथे पहिले दोन मार्क मिळतील, तिसरा नाही. उलट एकानं लिंक देऊन लिहिलं की सेमेलवाइसनं १८४७ मध्ये जंतू शोधले. लिंक चालते, पण उघडली की तिथे असं काहीच नाही, तिथे प्रेतातून येणाऱ्या कणांबद्दल लिहिलंय. त्याला पहिला मार्क, दुसरा नाही, आणि दुसरा गेला की तिसरा आपोआप गेला.

सगळ्या लिंका उघडत बसू नका. प्रत्येकाची एक, तीही कुठलीही, आणि हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

ब ला आधारात मी २ देईन. ११.४ आणि २.८ कुठून ते लिहिलेलं नाही.

उलटतपासणी

नाही पटलं. तक्ता बाईंनीच दिलाय, सगळ्यांच्या समोर आहे, १८४६ हे सालही त्यानं लिहिलंय. चार मित्र एकाच कागदावर बसून बोलत असताना कुणी तळटीपा देतं का? (आयडीवर कोटी नाही.) माझ्या हिशोबी ३.

खडूफळा

मलाही ३ वाटतात खरं तर. कुठून आलं ते "कळतंय का" असं तुम्हीच म्हटलंय, आणि इथे कळतंय.

तळटीप

बरं, तुमच्या वर्गात ३ द्या. पण मग ओळीत तसं लिहा की वर्गात दिलेल्या साहित्याला नाव किंवा साल पुरे. नाहीतर पुढच्या वेळी तुमचा सहकारी २ देईल आणि मुलं दोन्ही वर्गांची तुलना करत बसतील.

मोजपट्टी

हे सगळं कागदावर गोड आहे. १०८ पोस्टींना तीन तीन ओळी लावायच्या, वर लिंका उघडायच्या, पाच तासांचे नऊ होतील. आणि मूडलमध्ये मी प्रत्येक पोस्टला रेटिंग देतो, ते आपोआप जमा होतं, त्यात तीन ओळी कुठे बसवणार?

तळटीप

रेटिंगचं एकत्रीकरण कशावर ठेवलंय ते बघा हो सर, हे फार लोक बघत नाहीत. बेरजेवर असेल तर जो दहा फुसक्या पोस्टी टाकतो तो पुढे जातो, म्हणजे परत मोजणीच. सरासरीवर असेल तर एक झकास रिप्लाय आणि दोन छोटे "हो, ते बघितलं" असे मोकळेपणानं लिहिणाऱ्याचे मार्क कमी होतात, मुलं मग एकच पोस्ट टाकून गप्प बसतात. सगळ्यात मोठं रेटिंग घ्या म्हटलं तर बाकीच्यांकडे कुणी लक्ष देत नाही. मी रेटिंग सोडलंय, अख्ख्या फोरमचं ग्रेडिंग लावते, त्यात एका मुलाच्या सगळ्या पोस्टी एकत्र समोर येतात आणि बाजूला रुब्रिक जोडता येतं. फक्त ज्याला रिप्लाय दिलाय ती मूळ पोस्टही उघडून वाचायची, नाहीतर रिप्लायचे मार्क देणार कशावर?

वेळेसाठी: दर आठवड्याला सगळ्यांचं तपासूच नका. चार आठवड्यांतून मुलानं स्वतःची एक पोस्ट आणि एक रिप्लाय निवडून द्यायचा, त्याला पूर्ण रुब्रिक. बाकी आठवड्यांना फक्त केलं की नाही, तेही चाळून. ३६ जणांचे चार आठवड्यांत ४३२ नगांऐवजी ७२. एकेकाला सहा मिनिटं दिली तरी सात-सव्वासात तास, ते महिन्याचे.

आणि तपासताना एकेका मुलाचं पूर्ण करू नका. आधी सगळ्यांची आधाराची ओळ, मग सगळ्यांची रिप्लायची. एकदा अ ची देखणी पोस्ट वाचली की त्याच्या रिप्लायलाही हात ढिला सुटतो. ग्रेडिंगच्या पानावर मुलं बदलत जावं लागतं, कंटाळवाणं आहे, पण फरक पडतो.

मोजपट्टी

निवडून द्यायचं हे चांगलं आहे. हे करून बघेन. शब्दांची किमान मर्यादा मात्र मी काढणार नाही, पोस्टला १०० ठेवेन, मार्क न देता. त्याखाली असेल तर परत पाठवायची.

खडूफळा

तीन दिवसांनी परत आले. तळटीप यांची पद्धत घेतली आणि जुन्याच आठवड्यातल्या सहा जणांचं साहित्य मी आणि माझ्या सहकाऱ्यानं वेगवेगळं तपासलं, एकमेकांना न दाखवता. ब मुद्द्यात २, रिप्लाय ३, आधार ३, एकूण ८, दोघांचंही सेम. अ ला मी १, ०, १ दिले. आधारात १ कारण लिंका चालतात, उघडलेल्या लिंकेत आहे तेच पोस्टमध्येही आहे, पण कुठलं वाक्य कुठून ते कळत नाही आणि मुद्दाच नसल्यानं उपयोग कशाला असणार. सहकाऱ्यानं १, ०, २. चालायचंच.

रिप्लायच्या ओळीत सहाही जणांचं जुळलं, मला आश्चर्य वाटलं. अडकलो ते एका मुलीवर. ती नर्स आहे, नोकरी करून शिकते. तिनं लिहिलंय: "आमच्या वॉर्डात प्रत्येक खाटेशी हात चोळायचं लिक्विड आहे आणि तरी राउंड घाईत असला की हात न धुताच पुढच्या पेशंटकडे जातात, मी रोज बघते. म्हणून क्लोरीन ठेवल्याबरोबर सगळ्यांनी हात धुतले असतील हे मला पटत नाही, तरीही आकडा एवढा पडला असेल तर कुणीतरी उभं राहून धुवायला लावत असणार, आणि मग बदललं ते नुसतं पाणी नाही, कडक देखरेखही."

मुद्द्याला दोघांनी ४. आधाराला मी २ दिले, सहकाऱ्यानं ०. तो म्हणतो स्वतःचा अनुभव म्हणजे आधार नाही, तपासता येत नाही, उद्या सगळेच "मी रोज बघते" लिहितील. मी म्हणते ती जे सांगतेय त्याचा मुद्द्याशी थेट संबंध आहे, वर्गात दुसऱ्या कुणाला हे सुचलं नाही.

उलटतपासणी

सहकाऱ्याच्या बाजूनं बोलतो. साक्षीदार खरं बोलतोय असं वाटणं वेगळं आणि ते तपासता येणं वेगळं. तुमच्या तीन प्रश्नांतला दुसरा, "तो आधार खरंच तेच म्हणतो का", याला इथे जागाच नाही. लिंक उघडून बघता येते, तिचा वॉर्ड कसा उघडणार?

तळटीप

पण तिनं अनुभवावरून १८४७ बद्दल काही सिद्ध केलं नाही. "मला पटत नाही" म्हणून शंका काढली आणि शंकेतून दुसरं कारण सुचवलं. शंका काढायला स्वतः बघितलेलं चालतं, निष्कर्ष काढायला चालत नाही, मी तरी तसा फरक करते. २ च देईन, आणि शेऱ्यात लिहीन की वॉर्डात हात धुण्याचं पाळलं किती जातं याची मोजमापं प्रसिद्ध आहेत, त्यातलं एक जोड, म्हणजे ३.

उलटतपासणी

"शंका काढायला चालतं" हे रुब्रिकमध्ये लिहून बघा, मग कळेल किती जण प्रत्येक निष्कर्षाला शंका म्हणायला लागतात ते.

पाळीबदल

मध्येच बोलतो, माफ करा. माझ्यासारख्या कामावर जाणाऱ्याकडे वेळ नसतो पण बघितलेलं भरपूर असतं. त्याला ० असेल तर मी लिंकाच शोधत बसणार, आणि मग माझी पोस्ट अ सारखीच होणार.

खडूफळा

पाळीबदल, हेच सहकाऱ्याला वाचून दाखवते. सध्या आमचं एवढंच ठरलंय की अनुभव सांगितला तर कुठे, कधी, काय बघितलं एवढं तरी नेमकं असलं पाहिजे, "सगळीकडे असंच चालतं" म्हटलं की ०. त्या मुलीचे मार्क अजून लावलेले नाहीत. तळटीप, शंका आणि निष्कर्षाचा जो फरक तुम्ही करता तो दोन ओळींत लिहून द्याल का, मुलांना कळेल अशा? रुब्रिक शुक्रवारी विभागात द्यायचंय.

तळटीप

प्रयत्न करते. उलटतपासणी, तुम्ही तो फोडायला इथेच थांबा.